ज्योत्स्ना क्लास पारखते

आमच्या गल्लीत ज्योत्स्ना सावकाश चालत आलेली मला आठवत नाही. ती निम्मी चालत, निम्मी धावत येते आणि तिचं वाक्य गेटापाशीच सुरू झालेलं असतं. मी रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली. प्रवेश कसा घ्यावा हे मला कितीतरी जणांनी रागावून, हात धरून, एकदा तर छडी आपटून शिकवलं. ज्योत्स्नाला कुणीच शिकवलेलं नाही. ती माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवते तेव्हा संवाद मध्यावर आलेला असतो आणि समोरच्यानं तो पकडायचा असतो.

"...तर मी म्हटलं त्या रिसेप्शनवालीला, बाई, आधी फी सांग, मग पाणी पाज. मावशी, शेगडी मोकळी हाय ना? चहा मीच टाकते."

ही यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. पवननगरात माझ्या वरच्या मजल्यावर ज्योत्स्ना, तिचा नवरा लखन आणि मुलगी आभा राहतात. आभाची नववीची परीक्षा संपली होती. निकाल लागला आणि गणितात तिला जेमतेम पासापुरते मार्क पडले. सातवीपर्यंत हीच मुलगी माझ्या स्वयंपाकघरात बसून पाढे गाण्यासारखे म्हणायची. मग कधीतरी तिनं म्हणणं बंद केलं. गणिताची वही दिसली की ती पाणी प्यायला उठायची. दहावी समोर होती आणि ज्योत्स्नाच्या डोक्यात एकच गोष्ट भिरभिरत होती: हे वर्ष हातचं जाता कामा नये. आभाला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तेही तिनं एकदाच, हळू आवाजात सांगितलं होतं, आणि गणिताचे मार्क बघितल्यापासून ते पुन्हा उच्चारलं नव्हतं. आईला नेमकं तेच खुपत होतं.

"ती बोलतच नाय, मावशी. चिडली असती तरी चाललं असतं."

ज्योत्स्ना वणीजवळच्या एका खेड्यातली. लग्नाआधी दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मणी निवडायला जायची. कात्रीनं घडातला खराब मणी असा काढायचा की शेजारच्याला धक्का लागू नये, हे काम. लग्नानंतर सिडकोत आली आणि अंबडच्या एका कारखान्यात लागली. तिथं बाहेरून आलेले सुटे भाग तपासायचे. एकदा मी तिला विचारलं होतं, की हजार नगांतला प्रत्येक नग तू कशी तपासतेस? ती हसली. "सगळे कोण तपासतंय? नमुना काढायचा. पण वरचा नाय काढायचा. वरचे नग पाठवणाऱ्यानं आपल्यासाठीच रचलेले असतात. हात खाली घालायचा, मधला काढायचा."

माणसाचा धंदा त्याच्या अंगात भिनतो. मी अजून कुणाच्या घरी गेले तर उजेड कुठून येतो ते बघून खुर्ची निवडते. ज्योत्स्ना भाजी घेताना हात ढिगाच्या पोटात घालते. पण लेकीच्या क्लासची वेळ आली तेव्हा तिचा तो हात वरच्या थरावरच राहिला. घाई होती, भीती होती आणि कॉलेज रोडचं नाव होतं.

नाशकात राहणाऱ्याला कॉलेज रोड काय ते सांगायला नको. एकेका इमारतीत चार-चार क्लासेस, जिन्यावर चपलांचा खच, खाली सायकली, स्कूटी आणि वडापाव. प्रत्येक गॅलरीवर फ्लेक्स, फ्लेक्सवर हसणारी मुलं, मुलांच्या गळ्यात टक्केवारी. ज्योत्स्नानं एका रविवारी सकाळी स्कूटीवरून तिकडे चक्कर मारली. वेळ लावली. पवननगर, त्रिमूर्ती चौक, सिटी सेंटर मॉल, पुढं कॉलेज रोड. वीस मिनिटं.

"वीस मिनिटं, मावशी! मी उगाच लांब लांब म्हणत होते."

त्यातल्या एका मोठ्या क्लासचं डेमो लेक्चर होतं. मला बरोबर नेलं. "तुम्ही नाटकवाल्या. खरं सोंग नि खोटं सोंग तुम्हाला लगेच कळतं," असं म्हणून तिनं मला मागं बसवलं आणि मध्ये आभाला चेपली. तिघी एका स्कूटीवर, पोलिसांची नजर चुकवत.

आणि ते सर! काय सांगू. यशोधन सर त्यांचं नाव. हॉलमध्ये आले तेच टाळ्या घेत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, श्वास कुठं घ्यायचा ते पक्कं ठाऊक. वर्गसमीकरणाला त्यांनी अशी काही गोष्ट लावली की पालक खुर्चीच्या कडेवर आले. मध्येच थांबायचे. ते थांबणं! आमच्या नाटक कंपनीत असं थांबता येणारी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला नांदगावच्या प्रयोगात प्रेक्षकांनी उभं राहून दाद दिली होती. मला तर जुने दिवस आठवून भरून आलं. पण सवयीनं माझी नजर प्रेक्षागृहाकडे वळली. मुलं खिळली होती. मान वर, तोंड किंचित उघडं. पेन एकाच्याही हातात नव्हतं.

बाहेर आल्यावर ज्योत्स्नानं विचारलं, "कसं वाटलं?"

"प्रयोग उत्तम झाला," मी म्हटलं. "पण अगं, मुलांनी काही केलं नाही."

तिला पहिलं वाक्य ऐकू गेलं. दुसऱ्याच्या वेळी रिसेप्शनवाली सांगत होती की सवलत फक्त आजच्यापुरती आहे. आधी एक स्कॉलरशिप टेस्ट झाली होती आणि त्यात आभाला सवलत मिळाली होती. सवलत सगळ्यांनाच मिळाली होती हे आम्हाला मागाहून कळलं. फी साठ हजारांच्या वर, तीन हप्ते. पहिल्या हप्त्यातच निम्म्याहून जास्त. ज्योत्स्नानं सही केली. आभाला एक निळी बॅग आणि क्लासचं नाव छापलेला टी-शर्ट मिळाला. लखननं त्याच दिवशी वणीला फोन करून सांगितलं की पोरगी कॉलेज रोडला जाते. लखनचा पिकअप आहे, दिंडोरीहून माल भरून तो वाशीला नेतो. घरी असतो कमी, पण असतो तेव्हा त्याचा आवाज गल्लीला ऐकू येतो.

मे महिना छान गेला. सुट्टीतली बॅच सकाळी होती. ज्योत्स्ना लेकीला स्कूटीवरून सोडायची आणि तशीच अंबडला जायची. रस्ते मोकळे होते. आभा टी-शर्ट घालून खाली येऊन मला दाखवून गेली. ज्योत्स्नाचं एक ओझं उतरलं असं मला वाटलं, पण ते उतरलं तरी तिचे हात मोकळे राहिनात. तिनं माझा पोळपाट घासून पांढरा करून दिला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सगळं विस्कटलं. आभाची शाळा दुपारची, साडेपाचला सुटणारी. क्लासची नेहमीची बॅच सव्वासहाला. ज्योत्स्नाच्या कंपनीत तेव्हाच कामाचा जोर वाढला, तिला सातपर्यंत थांबावं लागायचं. म्हणजे आभानं शाळेतून निघायचं, सिटीलिंकची बस धरायची आणि कॉलेज रोडला पोचायचं. रात्री बस धरून परत. पहिल्या आठवड्यात एका रात्री परतल्यावर ती माझ्या ओट्यावर दप्तर टेकवून म्हणाली, "इंदूआजी, पाच मिनिटं बसते," आणि भिंतीला टेकून झोपली. तोंडात पोळीचा घास तसाच.

"काय शिकवलं आज?" मी विचारायची.

"झालं काहीतरी."

हे 'काहीतरी' ज्योत्स्नाच्या कानावर गेलं. ती माझ्याकडे येऊन उभ्या उभ्याच बोलली. "फी घेतली, वेळ दिला, पोरगी रोज जाते. मग काहीतरी काय? मावशी, मी उद्या हाफ डे टाकते. बघतेच."

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दाराशी उभी राहिली आणि लेकीबरोबर बसमध्ये चढली. तिनं मला ते सांगितलं तेव्हा हातवारे करून सांगितलं, आणि मला एक नटी समोर दिसत होती. बसची वाट बघण्यात पहिला वेळ गेला. बस आली ती भरून. सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलवर तर ती रुजलीच. शेजारून स्कूटीवरची मुलं निसटत होती, काही जण गाडीत मागं बसून चिप्स खात होते. "मी रविवारी सकाळी स्कूटीवर बसून वेळ लावली," ज्योत्स्ना म्हणाली. "पोरगी जाणार हाय संध्याकाळी, बसनं. मी माझा रस्ता मोजला, मावशी! तिचा मोजलाच नाय."

दोघी पोचल्या तेव्हा वर्ग सुरू होऊन बराच वेळ झाला होता. पालकांना आत सोडत नाहीत, पण ज्योत्स्ना दारातल्या काचेला नाक लावून उभी राहिली. हॉल गच्च. शिकवायला यशोधन सर नव्हते, एक तरुण मुलगा होता. ते सर रविवारी उजळणी घेतात म्हणे, बाकी ते डेमोलाच. पण खोटं कशाला बोला, हा मुलगाही मन लावून शिकवत होता. आभाला जागा शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. ती फळ्यावरचं उतरवत होती आणि मागं राहत होती, म्हणून समजून घ्यायचं सोडून नुसतीच उतरवत होती.

बॅच सुटल्यावर ज्योत्स्नानं त्या तरुण सरांना गाठलं. "माझ्या पोरीला अडलं तर ती विचारणार कुणाला?"

"त्याची सोय आहे ना, काकू. बॅचनंतर रोज तासभर डाउट काउंटर असतो. दोन सर बसतात. ज्याला अडलं त्यानं यायचं, एकेकट्याला समजावतो. आमची खरी ताकद तीच आहे."

आणि खरंच, कोपऱ्यातल्या खोलीत दिवे लागले होते. मुलं वह्या उघडून रांगेत बसली होती. दोन सर एकेकाचं गणित बघत होते, कंटाळा न करता. ज्योत्स्नानं आभाकडे बघितलं. "तू कधी जातेस का इथं?"

"कशी जाणार? मग बस चुकते."

"आणि ही पोरं?"

"ही इथलीच आहेत. गंगापूर रोड, थत्ते नगर. चालत जातात."

हे सांगताना ज्योत्स्नाचा आवाज चढला होता. "क्लास वाईट नाय, मावशी. वाईट असता तर भांडून पैसे तरी मागितले असते. जो तास चांगला हाय, त्यासाठी मी पैसे भरले नि त्याच तासाला माझी पोरगी बसस्टॉपवर उभी! फी वेगळी, शिकवणं वेगळं, लांबचा रस्ता वेगळा, असं मी धरून चालले होते. तसं नसतंच. रस्त्यानं शिकवणं खाल्लं."

लखनला हे पटेना. तो वाशीहून रात्रभर गाडी चालवून आला होता आणि माझ्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता.

"पयला हप्ता परत देत नाय ते. विचारलं मी. बुडवायचे का इतके पैसे?"

"बुडालेच हायेत."

"अगं, दोन महिन्यांत सवय होईल तिला. मी नाय का रात्र रात्र गाडी चालवत?"

"तू गणितं सोडवतोस का गाडी चालवताना?"

"गावाकडं काय सांगू? काढलं तिला तिथून?"

"सांग, सिडकोत क्लासेस हायेत. सिडको काय जंगल हाय?"

मी मध्ये पडले नाही. नवरा-बायकोच्या प्रवेशात तिसऱ्या पात्रानं हातातला ताट-तांब्या घेऊन विंगेत उभं राहावं, हे मला माहीत आहे. खरी अडचण लखन नव्हताच. अडचण आभा होती. तिला निळी बॅग सोडायची नव्हती. शाळेतल्या मुलींनी त्या बॅगेवरून तिला विचारलं होतं, आणि गणितात मागं पडलेल्या मुलीला तेवढीच एक गोष्ट मान वर करून मिरवता येत होती. "मी जाईन रोज," ती म्हणाली. "मी काही तक्रार केली का?"

ज्योत्स्ना उठून जिना चढून वर गेली. 

पण दुसऱ्या दिवसापासून तिनं हात खाली घातला. सुट्टीचा वार गाठून, आणि कामावरून सुटल्यावर जे मिळेल त्या वेळात, ती आपल्याच भागातल्या क्लासेसच्या दारांशी जाऊन उभी राहायला लागली. आत जायचं नाही, रिसेप्शनला भेटायचं नाही, फ्लेक्स वाचायचा नाही. बॅच सुटायची वाट बघायची. पहिली धावत बाहेर येणारी मुलं सोडायची, सरांशी बोलत मागं रेंगाळणारी हुशार मुलंही सोडायची. घोळक्याच्या मधला एक धरायचा. मला स्कूटीवर बसवून ठेवायची, म्हणजे म्हातारी बरोबर आहे बघून मुलं घाबरत नाहीत.

पहिली गाठ आमच्याच मागच्या गल्लीतल्या शिकवणीशी पडली. दारापासून दोन मिनिटांचा रस्ता, फी अगदी कमी. एक लठ्ठ, घामेजलेला मुलगा बाहेर आला.

"बाळा, आज काय सोडवलं रे?"

"सरांनी सोडवली की सहा गणितं."

"आणि तू?"

"मी उतरवली."

"स्वतः एखादं?"

"सर आयएमपी देतात ना. तेवढी पाठ केली की झालं." आणि मग, माझ्याकडे बघून, "आजी, तुम्हाला पण दहावीला बसायचंय का?"

मी म्हटलं, "पास करतोस का?" तो हसत पळाला. ज्योत्स्नानं किक मारली. "जवळ हाय, स्वस्त हाय, नि भरू तेवढं फुकट जाईल," ती म्हणाली. जवळचं म्हणून तिनं घेतलं नाही, हे मला त्या दिवशी आवडलं.

राणेनगरच्या एका क्लासमध्ये टेस्ट दर आठवड्याला व्हायच्या, पण एका मुलीनं सांगितलं की पेपर तपासून परत मिळत नाहीत, नुसते मार्क मोबाइलवर येतात. "मग चुकलं कुठं ते?" "ते नाही कळत." ज्योत्स्नानं तोही सोडला. ती चिडचिडी झाली होती, जेवण धड नव्हतं, कंपनीत एकदा चांगला नग नापास करून बसली होती. दिवस जात होते आणि आभाचा कॉलेज रोडचा बसप्रवास चालूच होता.

मग उत्तमनगरात एका औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या वर, एक क्लास सापडला. फ्लेक्स नव्हता. पाटी होती ती दुकानाच्या पाटीनं निम्मी झाकलेली. मुलं सुटली तेव्हा मोजकीच होती आणि त्यातली एक मुलगी रडवेली.

"काय झालं गं?" ज्योत्स्नानं विचारलं. "काय शिकवलं आज मॅडमनी?"

"काही नाही शिकवलं," मुलगी फणकारली. "आम्हालाच सोडवायला लावलं. मॅडम नुसत्या मागं फिरतात. माझं तिसऱ्या ओळीत चुकलं तर म्हणाल्या, खोडू नकोस, का चुकलं ते शेजारी लिही. एकच गणित झालं माझं तासाभरात!"

"पण झालं?"

"झालं," ती म्हणाली, आणि नाक पुसून निघून गेली.

ज्योत्स्नानं माझ्याकडे बघितलं. मी स्कूटीवरून उतरले. ही तालीम होती. आम्हा नटांना प्रयोगाच्या रात्री टाळ्या मिळायच्या, पण भूमिका बसायची ती तालमीत. घामानं, चिडचिडीनं, एकाच वाक्यावर सतरा वेळा अडवणाऱ्या माणसामुळं. डेमोमध्ये आपण प्रयोग बघतो आणि त्याला शिकवणं समजतो.

जिना चढून वर गेलो. देवरे मॅडम पन्नाशीच्या, बागलाणकडच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट.

"जुलैत मी नवीन मूल घेत नाही."

"मॅडम, पोरगी रोज बसनं कॉलेज रोडला..."

"मग तिकडेच जाऊ द्या. इतके भरले असतील."

"भरले. ते गेले. पोरगी अजून हातात हाय."

देवरे मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "उद्या सकाळी घेऊन या. एक गणित देईन. घेईनच असं नाही."

आभा आली ती निळी बॅग पाठीला लावून, ओठ मिटून. मॅडमनी बॅगेकडे बघितलंही नाही. कागद पुढं सरकवला. त्यावर दहावीचं काही नव्हतं. कंस, वजा चिन्ह, अपूर्णांक, एक साधं समीकरण. आभाला अपमान वाटला. "हे आठवीचं आहे."

"हो. सोडव."

तिनं सोडवलं आणि उत्तर चुकलं. मॅडमनी फुली मारली नाही. पेन्सिल एका जागी टेकवली. "कंसाबाहेर वजा आहे. कंस काढलास, तेव्हा आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह काय झालं?"

आभानं त्या चिन्हावर बोट ठेवलं. "...बदलायला हवं होतं."

"दोन्ही पदांचं बदलतं. तू फक्त पहिल्याचं बदलतेस. हे आज नाही चुकलं तुझं. आठवीपासून चुकतंय. नववीचं प्रत्येक मोठं गणित याच दगडावर आपटलं असणार." मग ज्योत्स्नाकडे वळून, "मुलगी मठ्ठ नाही. तिला वरचं शिकवत राहिले आणि पाया कुणी पाहिला नाही. फी चौदा हजार, वर्षाची, चार हप्त्यांत. सकाळी सातची बॅच. ही साडेसहाला येईल, अर्धा तास आठवीचं करेल. पंधरावर मी मूल घेत नाही, ही सोळावी. आणि दोन ठिकाणी जाणारं मूल मला नको. इथं चुकायला वेळ लागतो, तो वेळ तिकडे बसमध्ये घालवायचा असेल तर नका येऊ."

ज्योत्स्नाला 'हो' म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलेला मी बघितला. आणि तो तिनं गिळला. माझ्या मते ज्योत्स्नानं आपल्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम त्या क्षणी केलं. ती लेकीला म्हणाली, "तू सांग. एकदा मी ठरवलं नि चुकले. आता तुझा रस्ता तू सांग."

आभानं कागद स्वतःकडे ओढला. "मॅडम, तसलंच अजून एक द्या ना," ती म्हणाली.

दुसरं बरोबर आलं. तिसऱ्यात ती अडखळली आणि स्वतःच थांबली, मागं गेली, चिन्ह दुरुस्त केलं. मग म्हणाली, "आई, कॉलेज रोडला मी त्या रांगेत बसलेच नाही गं कधी. डाउटच्या. बसले असते तरी मला नेमकं काय अडतंय ते सांगता आलं नसतं." आणि लगेच, रागानं, "पण बॅग मी वापरणार."

"वापर की," देवरे मॅडम म्हणाल्या. "बॅगेत काही चूक नाही."

लखन आठवडाभर धुसफुसला. मग एका सकाळी माल भरायला निघताना लेकीला मॅडमच्या दारापर्यंत सोडायला तोच गेला, कारण तिचा रस्ता आता त्याच्या गाडीच्या वाटेत येत होता. परत येऊन मला म्हणाला, "मावशी, ती बाई गुड मॉर्निंगपण करत नाय. डायरेक्ट विचारते, कालचं चुकलेलं कुठंय." त्यात त्याला कौतुक वाटलं असावं, कारण पुढं तो गल्लीत सगळ्यांना हेच सांगत सुटला.

सप्टेंबरात शाळेची सहामाही झाली. चमत्कार काही झाला नाही. गणितात निम्म्याहून थोडे जास्त मार्क पडले. पण उत्तरपत्रिका घेऊन आभा माझ्याकडे आली आणि तिनं मला, आयुष्यभर हिशोबात कच्च्या राहिलेल्या म्हातारीला, तिचं कुठलं गणित कशामुळं चुकलं ते एकेक करून समजावून सांगितलं. मला निम्मं कळलं नाही. मी दाद देत राहिले. सवयीचा भाग आहे तो. शेवटी ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "डिप्लोमाला मेकॅनिकलमध्ये मुली कमी असतात म्हणे, आजी."

वरून ज्योत्स्नाच्या चपला वाजल्या. ती खाली येता येताच बोलत होती.

"...आणि सायन्सला शंभरात एकोणचाळीस! मावशी, साडी बदला. इंदिरानगरला एक सायन्सचा क्लास सुटतो आत्ता साडेसातला. आभा, तू बसनं ये, घड्याळ लावून. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहतो."